फोनला दिसतं ते लॅपटॉपला का दिसत नाही: ५ गिगाहर्ट्झ वायफाय, कार्ड आणि ड्रायव्हर

प्रश्न: महिन्यापूर्वी घरी फायबर घेतलं. फोनमध्ये आमच्या वायफायची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी 5G असलेलं. लॅपटॉपमध्ये मात्र फक्त साधंच दिसतं. फोनवर स्पीड छान मिळतो, लॅपटॉपवर चाळीसच्या वर जात नाही. फायबर जोडणारा म्हणतो लॅपटॉप बदला, दुकानदार म्हणतो नवीन ड्रायव्हर टाकून देतो. नेमकं काय करू? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर:

दोघांपैकी एकाचं बरोबर असू शकतं, पण लॅपटॉप उघडून न बघता दोघांनाही ते कळायचं नाही. पैसे खर्च करण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्ही फुकट आहेत आणि मिळून दहा मिनिटं लागतात. कोल्हापुरात गेली पंधरा वर्षं मी लॅपटॉप दुरुस्ती आणि नेटवर्कची कामं करतो. राउटर दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर बोलतो: साधं नाव २.४ गिगाहर्ट्झ बँडचं, 5G वालं ५ गिगाहर्ट्झचं. या तक्रारीत निम्म्याहून जास्त वेळा लॅपटॉपच्या आतल्या वायफाय कार्डातच ५ गिगाहर्ट्झची सोय नसते, आणि तिथे जगातला कुठलाही ड्रायव्हर काही करू शकत नाही. उरलेल्यांत कार्ड चांगलं असतं, पण ड्रायव्हर, एखादी सेटिंग किंवा राउटरचं चॅनेल, म्हणजे बँडमधली त्याची बोलायची जागा, आडवं आलेलं असतं. तिथे नवीन कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी नेटवर्क 'दिसणं' म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. राउटर आपल्या ठरलेल्या चॅनेलवर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटी हाक देतो: माझं नाव हे, मी अमुक पद्धतीनं बोलतो. लॅपटॉपचं कार्ड एकेका चॅनेलवर जाऊन या हाका ऐकतं आणि ऐकलेल्या नावांची यादी तुम्हाला दाखवतं. म्हणजे नाव यादीत न येण्याची कारणं तीनच असू शकतात. कार्डाला त्या चॅनेलवर जाताच येत नाही. जाता येतं, पण कुणीतरी त्याला जाऊ नको असं सांगून ठेवलंय. किंवा ते तिथे जातं, हाक ऐकतं, पण ती हाक त्याला कळत नाही. पहिलं कारण हार्डवेअरचं, दुसरं सेटिंगचं, तिसरं ड्रायव्हरचं.

नावातल्या 5G चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, हेही जाता जाता सांगतो. राउटर बसवणाऱ्यानं ५ गिगाहर्ट्झ ओळखू यावं म्हणून ते नाव दिलंय, एवढंच.

पहिली तपासणी: कार्डालाच विचारा

लॅपटॉपवर विंडोज आहे असं धरतो. स्टार्टमध्ये cmd टाइप करून काळी खिडकी उघडा आणि ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show drivers
```

बराच मजकूर येईल. त्यातल्या तीन ओळी वाचा: कार्डाचं नाव, ड्रायव्हरची तारीख आणि Radio types supported. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. साधारण अशी दिसते:

```
Radio types supported : 802.11n 802.11g 802.11b
```

या ओळीत 802.11ac किंवा 802.11ax असेल, तर कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येतं. यात शंकेला जागा नाही, कारण ac ही पद्धत ५ गिगाहर्ट्झवरच चालते. 802.11a असेल तरीही येतं. ती ५ गिगाहर्ट्झवरची सगळ्यात जुनी पद्धत. पण वर दिलंय तसं फक्त b, g आणि n असेल, तर कार्ड जवळजवळ नक्की २.४ गिगाहर्ट्झचंच आहे.

'जवळजवळ' म्हणतो, कारण n ही पद्धत दोन्ही बँडवर चालते. n दिसलं म्हणून ५ गिगाहर्ट्झ आहे असं होत नाही आणि नाही असंही होत नाही. पण दोन्ही बँडचं n कार्ड असलं तर त्याच्या यादीत सहसा a सुद्धा येतं. तरी खात्री करायची तर कार्डाचं पूर्ण नाव बघा. नावात Dual Band असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर नाव इंटरनेटवर शोधून कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत कुठले बँड लिहिलेत ते वाचा. स्वस्त लॅपटॉपांत सर्रास आढळणारी RTL8723BE, RTL8723DE आणि QCA9565 ही तिन्ही फक्त २.४ ची कार्डं आहेत. नाव जवळपास तसंच, पण RTL8821CE आणि QCA9377 ही दोन्ही बँडची. एका आकड्यानं सगळं बदलतं, म्हणून नाव कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या.

लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा वेबसाइटवर लिहिलेल्या माहितीवर मात्र विसंबू नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपात कंपन्या वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळी कार्डं घालतात. एकाच कुटुंबानं एकाच दिवशी घेतलेले दोन 'सारखे' लॅपटॉप माझ्याकडे आले होते. एकात दोन्ही बँडचं कार्ड, दुसऱ्यात फक्त २.४ चं. खालचं स्टिकर मॉडेलचं नाव सांगतं, आत काय बसलंय ते ही आज्ञा सांगते.

एक खोच लक्षात ठेवा. ही ओळ कार्ड स्वतः बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो. विंडोजनं चुकीचा ड्रायव्हर लावला असेल तर चांगल्या कार्डाचीही यादी अपुरी येऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून यादीत b, g, n च दिसलं आणि नावही मोघम असलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा. विंडोजचं बटण आणि R दाबून devmgmt.msc लिहा, Network adapters खाली वायफाय कार्डावर उजवी क्लिक करून Properties उघडा, Details मध्ये Hardware Ids निवडा. तिथे असं काही दिसेल:

```
PCI\VEN_10EC&DEV_D723
```

VEN च्या पुढचे चार आकडे-अक्षरं कार्ड बनवणाऱ्याचे, DEV च्या पुढची त्या कार्डाची. ड्रायव्हर काहीही म्हणो, ही ओळख कार्डातच कोरलेली असते. वरचा नमुना RTL8723DE चा आहे. त्याच्या जागी DEV_C821 दिसलं तर ते RTL8821CE, म्हणजे दोन्ही बँडचं.

दुसरी तपासणी: फोनचा हॉटस्पॉट

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण हिच्यामुळे राउटर आणि लॅपटॉप यांच्यातलं भांडण एका झटक्यात सुटतं. फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन नवा असेल तर तिथे Maximize Compatibility बंद करायचं. ते चालू असलं की फोन २.४ वर जातो. मोबाइल डेटा नसला तरी चालेल, आपल्याला फक्त नाव दिसतं का ते बघायचंय. फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवा आणि वायफायची यादी उघडा.

हॉटस्पॉटचं नाव दिसलं, तर लॅपटॉपचं कार्ड ५ गिगाहर्ट्झवर जातंय आणि ऐकतंय हे सिद्ध झालं. मग दोष तुमच्या राउटरच्या चॅनेलमध्ये किंवा त्याच्या बोलण्याच्या पद्धतीत शोधायचा. नाव दिसलं नाही आणि पहिल्या तपासणीत ac होतं, तर सेटिंग किंवा ड्रायव्हर. नाव दिसलं नाही आणि पहिल्या तपासणीतही b, g, n च होतं, तर कार्डात सोयच नाही. खालचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

पेठेत राहत असाल तर शेजारच्यांची नेटवर्कही हेच काम करतात. ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

प्रत्येक नावाखाली Channel दिसेल. सगळे आकडे १ ते १३ मध्येच असतील तर लॅपटॉपला एकही ५ गिगाहर्ट्झ ऐकू आलेलं नाही. एखाद्या नावाखाली ३६, ४४, १४९ असा आकडा आला, तर कार्ड ठणठणीत आहे. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये या आज्ञेसाठी लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाहीतर ती नकार देते. त्या नकाराला कार्डाचा दोष समजू नका.

दोन्ही तपासण्या राउटरपासून दोन-तीन मीटरवर, फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवून करा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी पोचतं. शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन हात जाडीची दगडी भिंत मधे होती. फोन सोप्यात राउटरशेजारी आणि लॅपटॉप माजघरात, अशी 'तुलना' करून त्या घरानं आठवडाभर लॅपटॉपला दोष दिला होता.

कार्ड चांगलं आहे, तरी दिसत नाही

सगळ्यात आधी लॅपटॉप Restart करा. Shut down करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर Shut down च्या वेळी ड्रायव्हरची अवस्था साठवून ठेवली जाते आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. Restart मध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या Properties मध्ये Advanced हा भाग उघडा. तिथे Wireless Mode अशा नावाची एखादी ओळ असते. नेमकं नाव कार्डागणिक बदलतं. तिच्यात फक्त 2.4 किंवा फक्त b/g निवडलेलं असेल, तर कार्डाला ५ वर जायला मनाई आहे. Dual Band किंवा ज्यात a आणि ac दोन्ही आहेत असा पर्याय निवडा. शेजारी Preferred Band अशी ओळ दिसेल. तिचा नाव दिसण्या-न दिसण्याशी संबंध नाही. दोन्ही बँड दिसत असताना आधी कुठला धरायचा एवढंच ती ठरवते. तिच्यावर वेळ घालवू नका.

सेटिंग बरोबर असेल तर ड्रायव्हर. इथे उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही महिन्यापूर्वीच नवीन राउटर आलाय आणि लक्षणं नेमकी अशीच आहेत.

तिथल्या अकाउंटंट बाईंचा लॅपटॉप सहा-सात वर्षांचा होता. जुन्या राउटरवर तो ५ गिगाहर्ट्झलाच जोडलेला असायचा. नवीन फायबर आलं, सोबत वायफाय सिक्सचा, म्हणजे ax पद्धतीचा राउटर आला आणि त्या दिवसापासून लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसेना. ऑफिसातल्या सगळ्या फोनना दिसत होतं. सगळ्यांचं मत पडलं की लॅपटॉप संपला, आणि नवीन घ्यायची तयारीही झाली होती.

मी पहिली आज्ञा दिली. यादीत 802.11ac होतं, म्हणजे कार्डात सोय होती. ड्रायव्हरची तारीख होती २०१६ सालची. माझ्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावला, तो लगेच दिसला. म्हणजे कार्ड ऐकतही होतं. ऐकू येत नव्हता तो फक्त हा एक राउटर. दोन शक्यता उरल्या: त्याचं चॅनेल किंवा त्याची भाषा. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन बघितलं, चॅनेल ३६, कुठल्याही कार्डाला चालेल असं. मग ५ गिगाहर्ट्झची पद्धत बघितली, ती ax वर होती. ती ac वर आणून सेव्ह केलं. मिनिटभरात लॅपटॉपच्या यादीत नाव हजर.

कारण असं. वायफाय सिक्सचा राउटर आपल्या हाकेत ax ची जास्तीची माहिती घालतो. नियम असा की जुन्या कार्डानं न कळणारा भाग सोडून द्यायचा आणि कळतं तेवढं घ्यायचं. बहुतेक कार्डं तसंच करतात, म्हणून जुने ac लॅपटॉपही वायफाय सिक्सच्या राउटरवर चालतात. पण काही कार्डांच्या त्या काळातल्या ड्रायव्हरांत चूक होती: न कळणारा भाग आला की ते अख्खी हाकच टाकून द्यायचे. त्यामुळे कार्डाला आवाज येतो, पण यादीत नाव येत नाही. कार्ड बनवणाऱ्यांनी ही चूक मान्य करून पुढच्या ड्रायव्हरांत सुधारली. साधं नाव मात्र दिसत राहिलं, कारण त्या राउटरचा २.४ चा बँड n वर ठेवलेला होता. तोही ax वर असता तर तेही नाव दिसलं नसतं.

राउटर कायमचा ac वर ठेवला तरी काम चाललं असतं, पण मग ax येणारे फोन विनाकारण मागे राहतात. म्हणून लॅपटॉपवर नवीन ड्रायव्हर घातला आणि राउटर परत ax वर नेला. नाव दिसत राहिलं, आणि त्या लॅपटॉपनं पुढे बरंच काम दिलं.

ड्रायव्हर बदलताना लोक नेहमी एका वाक्याला फसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये Update driver दाबून आपोआप शोधायला सांगितलं की विंडोज म्हणतं, The best drivers for your device are already installed. म्हणजे सगळ्यात नवीन ड्रायव्हर आहे असं नव्हे. विंडोजच्या साठ्यात याहून बरा नाही, एवढाच त्याचा अर्थ. उद्यमनगरच्या त्या लॅपटॉपवरही हेच वाक्य येत होतं. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलच्या पानावरून घ्या. तिथला जुना असेल तर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवर बघा. सगळे कार्ड उत्पादक सामान्य ग्राहकाला थेट ड्रायव्हर देत नाहीत, पण काही देतात. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फिरणारी भलतीसलती सॉफ्टवेअर घेऊ नका. ती माझ्यासाठी पुढची दुरुस्ती तयार करून ठेवतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवीन ड्रायव्हरची फाइल डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमधून जुना काढा आणि ड्रायव्हर पुसून टाका असं विचारणाऱ्या चौकटीवर टिक करा, नाहीतर विंडोज तोच जुना परत लावतं. मग नवीन चालवा आणि Restart करा. मधे काही बिघडलं आणि वायफायच गेलं, तर फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल. उलट परिस्थितीही असते: कालपर्यंत दिसत होतं आणि विंडोज अपडेटनंतर गेलं. तेव्हा Properties मध्ये Driver खाली Roll Back Driver दाबून आधीच्या ड्रायव्हरवर जायचं.

राउटरचं चॅनेल

हॉटस्पॉट दिसतो, ड्रायव्हरही नवा, तरी राउटर दिसत नाही, असं झालं तर चॅनेलचा आकडा बघा. फोनमध्ये वायफाय तपासणारं एखादं ॲप घेतलं तर ते चॅनेल दाखवतं. नुसती फ्रिक्वेन्सी दाखवत असेल तर त्यातून ५००० वजा करून ५ नं भागा: ५१८० म्हणजे चॅनेल ३६, ५७४५ म्हणजे १४९.

आकडा ५२ ते १४४ च्या दरम्यान असेल तर तिथेच संशय घ्या. या पट्ट्यात रडारही चालतात. राउटरला तिथे बोलण्याआधी किमान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं आणि रडार आढळलं तर चॅनेल सोडावं लागतं. कार्डालाही तिथे आधी स्वतःहून हाक मारायची मुभा नसते, गप्प बसून ऐकायचं असतं. काही स्वस्त यूएसबी अडॅप्टर तर या चॅनेलवर जातच नाहीत. राउटरचं चॅनेल Auto वर असलं की तो कधी ४४ वर असतो, कधी १०० वर. मग लॅपटॉपला नेटवर्क 'कधी दिसतं, कधी नाही' अशी तक्रार येते.

दुसरा घोळ १४९ ते १६५ या वरच्या पट्ट्याचा. आपल्याकडे तो खुला आहे आणि कित्येक राउटर तिथेच लावून मिळतात. पण जपानमध्ये वायफायला तो पट्टा नाही, त्यामुळे तिथे विकत घेतलेल्या लॅपटॉपचं कार्ड बऱ्याचदा तिकडे जातच नाही. कसबा बावड्यात एकांचा मुलगा जपानहून लॅपटॉप घेऊन आला होता. कार्ड उत्तम, ड्रायव्हर ताजा, आणि राउटर १५७ वर. चॅनेल ३६ केलं आणि काम झालं.

दोन्ही घोळांवर उपाय एकच: राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल Auto वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्कं करा आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा. रुंदी १६० ठेवलीत तर ३६ पासून सुरू होणारा पट्टा ६४ पर्यंत जातो, म्हणजे पुन्हा रडारच्या भागात. २०१८ च्या नियमांनी भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे सगळे पट्टे वायफायला परवान्याशिवाय खुले आहेत, त्यामुळे ३६ निवडण्यात नियमाची कसलीही अडचण नाही. राउटरचं पान फायबर कंपनीनं कुलूपबंद ठेवलं असेल तर त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून नेमकं हेच वाक्य सांगा: '५ गिगाहर्ट्झचं चॅनेल ३६ वर पक्कं करा.' 'लॅपटॉपवर नेट चालत नाही' असं सांगितलंत तर ते राउटर रिसेट करायला लावतील आणि तिथेच थांबतील.

कार्डातच सोय नसेल तर

तरी लॅपटॉप बदलायची गरज नाही. सोपा मार्ग म्हणजे यूएसबी अडॅप्टर. खोक्यावर Dual Band आणि AC किंवा AX लिहिलेलं बघूनच घ्या. नुसतं 300 Mbps किंवा N लिहिलेलं घेतलंत तर तेही २.४ चंच निघेल आणि तुम्ही होता तिथेच राहाल. नखाएवढे अडॅप्टर दिसायला छान, पण त्यांचा अँटेना छोटा असतो. पेठेतल्या घरासाठी मी बाहेर अँटेना असलेला सुचवतो. तो निळ्या यूएसबी खाचेत लावा. आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या वायफाय कार्डावर उजवी क्लिक करून Disable करा. हे न केल्यानं विंडोज जुन्याच कार्डानं जोडलेलं राहतं आणि लोक नवीन अडॅप्टर खराब म्हणून परत करतात. ब्लूटूथ वेगळं दिसतं, त्याला हात लावू नका, ते पूर्वीसारखं चालेल.

आतलं कार्ड बदलणं जास्त टिकाऊ, पण आधी तळ उघडून बघावं लागतं. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे विषय संपला. वेगळं असेल तर जुन्यात मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि २०१५ च्या आसपासपासून बहुतेकांत एम डॉट टू प्रकारचं असतं. दोघांच्या खाचा आणि अँटेनाच्या टोप्या वेगळ्या, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. एम डॉट टू घेताना AX200 किंवा AX210 घ्या. AX201 स्वस्त दिसतं, पण ते ठरावीक प्रोसेसरच्या बोर्डावरच चालतं; तुमच्या खाचेत बसेल आणि सुरूच होणार नाही. तळ उघडल्यावर अँटेनाच्या तारा मोजा. फक्त २.४ च्या स्वस्त कार्डाला बऱ्याचदा एकच तार असते. एका तारेवर दोन तारांचं कार्ड चालतं, पण वेग अर्धा मिळतो. आणि काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारी आतली प्रणाली, अनोळखी कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही, तेव्हा दुकानदाराकडून 'चाललं नाही तर परत' असं आधी ठरवून घ्या.

काम झालं की नाही ते नुसतं नाव बघून ठरवू नका. 5G च्या नावाला जोडा आणि ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show interfaces
```

Channel ३६ किंवा त्यावर हवं आणि Radio type मध्ये 802.11ac किंवा 802.11ax हवं. Receive rate जवळ बसून एका अँटेनाच्या ac कार्डाला ४३३ पर्यंत आणि दोन अँटेनाच्याला ८६६ पर्यंत दिसतं. आत्ता तुमच्या लॅपटॉपवर साध्या नावाला जोडून हीच आज्ञा दिलीत तर बहुधा ७२ दिसेल: एका अँटेनाचं n कार्ड २० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर कमाल ७२.२ नं जोडतं. जोडणीचा हा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यात बराच फरक पडतो. ७२ वर चांगल्या परिस्थितीत चाळीस-पन्नास हाती लागतात. तुमचे चाळीस तिथूनच आले असावेत. तसं निघालं तर कार्ड फक्त २.४ चं असण्याचीच शक्यता जास्त, आणि दुकानदाराच्या ड्रायव्हरला पैसे देऊ नका. पण पहिल्या आज्ञेत ac दिसलं, तर आधी राउटर ax वरून ac वर आणून बघा.